नवीन फोनवर व्हॉट्सॲप बॅकअपचा पासवर्ड मागतंय आणि तो आठवत नाही, तेव्हा काय करायचं

नवीन फोन घेतला, सिम बदललं, व्हॉट्सॲप टाकलं, ओटीपी आला. आता जुने चॅट येणार म्हणून वाट बघतोय तोवर स्क्रीनवर पासवर्ड मागितला जातो. एन्क्रिप्टेड बॅकअपचा पासवर्ड, किंवा ६४ अंकी की. जो सुचेल तो पासवर्ड टाकला जातो, चुकीचा निघतो, आणि मग फोन येतो: "अरे, हा कुठला पासवर्ड मागतोय? मी तर कधी ठेवलाच नव्हता."

दर वर्षी दिवाळीच्या सेलनंतर हा प्रश्न नातेवाइकांत, सोसायटीत, ऑफिसात फिरत असतो. उत्तर दर वेळी एकच नसतं, कारण ते जवळजवळ सगळं एका गोष्टीवर ठरतं: जुना फोन अजून तुमच्या हातात आहे का, आणि त्यातलं व्हॉट्सॲप शाबूत आहे का. म्हणून पुढचं वाचण्याआधी तीन गोष्टी पाळा. जुना फोन रीसेट करू नका आणि एक्सचेंजमध्ये देऊ नका. माणूस न्यायला दारात आला असेल तर त्याला उद्या यायला सांगा. जुन्या फोनवरून व्हॉट्सॲप काढून टाकू नका. आणि नवीन फोनवर अंदाजाने एकामागून एक पासवर्ड टाकत बसू नका. हे प्रयत्न मोजले जातात. ते कसे, ते पुढे सांगतो.

आधी ओळखा, नेमकं काय मागतंय

या गोंधळाचं मूळ असं की व्हॉट्सॲपच्या आसपास पाच वेगवेगळी गुपितं आहेत आणि लोक त्या सगळ्यांना "पासवर्ड" म्हणतात. एसएमएसने येणारा सहा आकडी ओटीपी दर वेळी नवा असतो, तो लक्षात ठेवायचाच नसतो. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिनही सहा आकडी असतो, पण तो तुम्ही स्वतः ठरवलेला असतो. गुगल किंवा ॲपल अकाउंटचा पासवर्ड वेगळा, फोनच्या स्क्रीनचं लॉक वेगळं. पाचवा तो बॅकअपचा पासवर्ड, आणि आपली अडचण फक्त त्याच्याशी आहे.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते टू-स्टेपच्या पिनवर. तो पिन व्हॉट्सॲप अधूनमधून विचारत राहतं, म्हणून तो पाठ असतो, आणि "व्हॉट्सॲपचा पासवर्ड" म्हटलं की तोच आठवतो. पण एक साधी खूण आहे. बॅकअपच्या पासवर्डमध्ये किमान सहा अक्षरं लागतात आणि त्यात निदान एक तरी लिपीतलं अक्षर असावंच लागतं. नुसत्या आकड्यांचा पासवर्ड ॲप मुळात स्वीकारतच नाही. म्हणजे तुमच्या मनात असलेला "पासवर्ड" सहा आकड्यांचा असेल, तर तो बॅकअपचा असूच शकत नाही. तो टाकून एकही प्रयत्न वाया घालवू नका.

दोघांत आणखी एक मोठा फरक आहे. टू-स्टेपचा पिन विसरला तर मार्ग असतो: ईमेल जोडलेला असेल तर त्यावरून, नाहीतर सात दिवस थांबून. त्यामुळे लोकांना वाटतं की बॅकअपचंही असंच असेल, आठवडाभर थांबलं की सुटेल. तसं होत नाही. बॅकअपचा पासवर्ड विसरल्यावर वाट बघून काही हाती लागत नाही. कस्टमर केअरला मेल करूनही नाही.

कंपनी तो परत का देऊ शकत नाही

हे कळलं की पुढचे निर्णय सोपे होतात, म्हणून थोडं थांबून समजून घ्या.

व्हॉट्सॲपने ही सोय ऑक्टोबर २०२१ मध्ये आणली. त्याआधी गुगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर जाणाऱ्या बॅकअपला फोन ते फोन चॅटसारखं एन्क्रिप्शन नव्हतं. चॅट सुरक्षित आणि त्याचाच बॅकअप उघडा, अशी स्थिती होती. नवीन सोय चालू केली की तुमच्या फोनवरच एक यादृच्छिक की तयार होते, बॅकअप तिच्याने बंद होतो, आणि बंद झालेला बॅकअप गुगल किंवा ॲपलच्या सर्व्हरवर जातो. त्यांच्याकडे फाइल आहे, पण की नाही.

मग की कुठे असते? तुम्ही पासवर्डचा पर्याय घेतला असेल तर ती व्हॉट्सॲपच्या एका खास हार्डवेअर तिजोरीत ठेवली जाते. ही तिजोरी अशी बनवलेली आहे की बरोबर पासवर्ड आल्याशिवाय की बाहेर पडत नाही, आणि तो पासवर्ड काय आहे हे कंपनीलाही दिसत नाही. कोणी लाखो पासवर्ड लावून बघू नयेत म्हणून चुकीच्या प्रयत्नांना तिथे मर्यादा आहे. ती ओलांडली की ती की कायमची मिळेनाशी होते. बॅकअपची फाइल ड्राइव्हवर तशीच पडून राहते, पण उघडत नाही. अंदाजाने पासवर्ड मारत बसू नका म्हटलं ते याचसाठी. घरातल्या चौघांनी आळीपाळीने नशीब आजमावलं, तर पाचव्याला खरा पासवर्ड आठवेपर्यंत दार बंद झालेलं असू शकतं.

तुम्ही ६४ अंकी की घेतली असेल तर तिजोरीचा संबंधच येत नाही. ती की फक्त तुम्हाला दाखवली जाते, तुम्ही उतरवून घ्यायची, आणि ती कुठेही पाठवली जात नाही. हरवली तर ती फक्त तुमच्याकडूनच हरवलेली असते.

जुना फोन हातात असेल तर

तर बहुतेक वेळा सगळं परत मिळतं. कारण बॅकअप म्हणजे चॅटची प्रत आहे. मूळ चॅट जुन्या फोनमध्ये असतात आणि ते वाचायला बॅकअपचा पासवर्ड लागत नाही. नवीन फोनवर नंबर चालू केल्यावर जुन्या फोनवरचं व्हॉट्सॲप लॉगआउट होतं, एवढंच. ॲप काढून टाकलं नसेल आणि त्याचा डेटा पुसला नसेल, तर चॅट तिथेच असतात.

साताऱ्याच्या माझ्या एका काकांचं उदाहरण सांगतो, कारण त्यात बहुतेक खाचखळगे एकदम येतात. काकांचा जुना फोनही अँड्रॉइड, नवीनही अँड्रॉइड. एन्क्रिप्टेड बॅकअप त्यांच्या पुतण्याने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, कधीतरी चालू करून दिला होता. तो आता परदेशात आणि त्यालाही काही आठवत नव्हतं. काका सहा आकडी पिन टाकत होते. दोनदा चुकल्यावर त्यांनी मला फोन केला. म्हटलं, "काका, आता काही टाकू नका. वगळा म्हणून जे बटण आहे तेही दाबू नका. जुना फोन कुठे आहे?" म्हणाले, "कपाटात. उद्या दुकानदाराला द्यायचाय." त्यांना दुकानदाराला थांबायला सांगायला लावलं.

जुना फोन चार्जिंगला लावला आणि घरच्या वायफायला जोडला. सिम नवीन फोनमध्येच राहू दिलं, कारण ओटीपीचा एसएमएस नवीन फोनवर आला तरी तो वाचून जुन्या फोनवर टाकता येतो. जुन्या फोनवर व्हॉट्सॲप उघडल्यावर, हा नंबर दुसऱ्या फोनवर चालू आहे, अशा अर्थाची सूचना आली. तिथून पुन्हा नंबर पडताळला. ओटीपी टाकल्यावर टू-स्टेपचा पिन मागितला, आणि काका नवीन फोनवर जो आकडा टाकून दमले होते तोच इथे चालला. सगळे चॅट जसेच्या तसे समोर आले. एक लक्षात ठेवा: दोन फोनांमध्ये असं पुढे-मागे करताना थोड्या वेळात फार वेळा नंबर पडताळला, तर व्हॉट्सॲप पुढच्या ओटीपीसाठी बराच वेळ थांबायला लावतं. तेव्हा घाई न करता एकदाच नीट करा.

मग जुन्या फोनवर या जागी गेलो:

```
Settings > Chats > Chat backup > End-to-end encrypted backup
```

इथे पासवर्ड बदलायचा पर्याय असतो, आणि एन्क्रिप्शन बंद करायचाही. आधीचा पासवर्ड आठवत नसला तरी फोनच्या मालकाची ओळख म्हणून बोटाचा ठसा किंवा स्क्रीन लॉक देऊन पुढे जाता येतं. म्हणून जुन्या फोनचं लॉक माहीत असणं गरजेचं. काकांचं बोट होतंच. नवीन पासवर्ड ठेवला, तो तिथल्या तिथे वहीत लिहायला लावला, आणि मगच पुढचं बटण दाबलं.

नुसता पासवर्ड बदलून थांबू नका. लगेच ताजा बॅकअप घ्या, आणि तो पूर्ण झाला का ते चॅट बॅकअपच्याच पानावर बघा. तिथे शेवटच्या बॅकअपची वेळ आणि आकार दिसतो. वेळ आताची हवी, आणि आकार पटण्यासारखा हवा. काकांच्या बाबतीत बॅकअप निम्म्यावर अडकला, कारण गुगल अकाउंटची जागा भरली होती. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअप २०२४ पासून गुगलच्या १५ जीबी मोफत जागेतच मोजला जातो, आणि त्याच जागेत जीमेल आणि फोटोही असतात. बॅकअपमध्ये व्हिडिओ घ्यायचा पर्याय बंद केला, तेव्हा तो मावला. व्हिडिओ नंतर केबलने लॅपटॉपवर उतरवून घेतले.

त्यानंतर नवीन फोनवर व्हॉट्सॲप काढून पुन्हा टाकलं. बॅकअप परत आणायची स्क्रीन नंबर पडताळल्यानंतर सुरुवातीलाच येते. एकदा ती मागे पडली की सेटिंग्जमध्ये कुठेही पुन्हा सापडत नाही, म्हणून ॲप नव्याने टाकावं लागतं. वहीतला पासवर्ड टाकला आणि चॅट आले. जुना फोन मात्र त्यांनी आणखी काही दिवस तसाच ठेवला. ते मला फार बरं वाटलं, कारण एखादा ग्रुप किंवा जुने फोटो आले नाहीत हे पहिल्या दिवशी कळत नाही.

काकांनी वगळा हे बटण दाबलं असतं आणि दोन दिवस नवीन फोनवर बोलत राहिले असते, तर एक वेगळीच अडचण आली असती. त्या दोन दिवसांचे निरोप फक्त नवीन फोनवर असते, बॅकअप परत आणण्यासाठी ॲप काढलं की ते गेले असते, आणि दोन्ही इतिहास एकत्र जोडायची सोय नाही. तुमची गाडी त्या टप्प्यावर असेल, तर महत्त्वाचा चॅट उघडून त्याच्या मेनूतून एक्स्पोर्ट करून स्वतःला मेल करा आणि मगच पुढे जा. आणि वगळल्यानंतर नवीन फोनवर बॅकअप चालू करू नका. नवीन, रिकाम्यासारखा बॅकअप जुन्याची जागा घेतो, आणि मग पासवर्ड आठवूनही उपयोग होत नाही.

त्याहून सरळ रस्ता: बॅकअपला हात न लावता

दोन्ही फोन हातात असतील आणि दोन्ही अँड्रॉइड, किंवा दोन्ही आयफोन असतील, तर पासवर्डच्या भानगडीत न पडताही चॅट नेता येतात. व्हॉट्सॲपने २०२३ मध्ये क्यूआर कोडने चॅट हलवायची सोय दिली. जुन्या फोनवर `Settings > Chats > Transfer chats` इथे जायचं, नवीन फोनवर व्हॉट्सॲप नव्याने टाकून त्याच नंबरने चालू करायचं आणि जुन्या फोनवरून चॅट आणायचा पर्याय निवडायचा, मग एका फोनवर दिसणारा कोड दुसऱ्याने टिपायचा. दोन्हीकडे वायफाय चालू लागतं, आणि विचारलेल्या परवानग्या द्याव्या लागतात. चॅट थेट एका फोनवरून दुसऱ्यावर जातात, मध्ये ड्राइव्ह येत नाही, म्हणून बॅकअपचा पासवर्डही मागितला जात नाही.

मग काकांसाठी हे का नाही केलं? जुन्या फोनची बॅटरी फुगायला लागली होती आणि तो मध्येच बंद पडत होता. अशा फोनवर मी आधी ताजा बॅकअप घेतो. एकदा तो ड्राइव्हवर गेला की फोन मेला तरी चालतं. फोन धडधाकट असेल तर क्यूआरची रीत चांगली, पण नवीन फोनवर चॅट आल्यावर पहिलं काम म्हणजे एन्क्रिप्टेड बॅकअपच्या पानावर जाऊन तुम्हाला माहीत असलेला पासवर्ड ठेवणं. नाहीतर हाच प्रसंग पुढच्या फोनला येणार.

जुना फोन गेला असेल तर

फोन चोरीला गेला, पाण्यात पडला, किंवा रीसेट होऊन एक्सचेंजला गेला, आणि पासवर्ड आठवत नाही, तर तो बॅकअप उघडायचा दुसरा मार्ग नाही. हे स्पष्ट सांगतो, कारण नेमक्या याच वेळी "चॅट रिकव्हरी करून देतो" म्हणणारे भेटतात. पैसे घेतात, ओटीपी मागतात, कधी फोनवर स्क्रीन दाखवायचं ॲप टाकायला सांगतात. ज्या बॅकअपची की कंपनीकडेच नाही तो हे लोक उघडू शकत नाहीत. ओटीपी दिला तर तुमचं चालू अकाउंटही जाईल.

पासवर्ड थोडाफार आठवत असेल, तर मात्र शिस्तीने शोधता येतो. स्क्रीनपासून दूर बसा आणि कागदावर लिहा: तो ठेवला तेव्हा कोणता फोन होता, कोणी ठेवून दिला, त्या काळात इतर ठिकाणी कोणते पासवर्ड वापरत होता. आकडे-अक्षरांच्या कोणत्या जोड्या तुमच्या सवयीच्या आहेत ते बघा. सगळ्यात शक्य वाटणारा पासवर्ड आधी टाका, आणि काय टाकलं ते लिहून ठेवा, म्हणजे तोच पुन्हा टाकला जाणार नाही. टाकताना डोळ्याच्या चिन्हाने अक्षरं दिसू द्या. पहिलं अक्षर कॅपिटल होतं का, शेवटी कीबोर्डने स्पेस जोडली का, आणि कीबोर्ड मराठीवर असेल तर आकडे देवनागरीत पडतायत का, हे तपासा. `1` आणि `१` आपल्याला एकच, पासवर्डला वेगळे. ज्याने फोन सेट करून दिला त्याला विचारा. गुगलच्या पासवर्ड मॅनेजरमध्येही एकदा शोधा. अनेकदा माणसाला ठाऊक नसताना तिथे सेव्ह झालेला असतो.

६४ अंकी की कागदावर आहे पण चालत नाही, अशीही तक्रार येते. त्या कीमध्ये फक्त शून्य ते नऊ आकडे आणि `a` ते `f` ही छोटी अक्षरं असतात. त्यामुळे हस्ताक्षर वाचताना बराच आधार मिळतो: `o` वाटतं ते शून्य, `l` वाटतं ते एक, `s` वाटतं ते पाच, `g` वाटतं ते नऊ, `z` वाटतं ते दोन. खरी शंका उरते ती `b` आणि `6` यांच्यात, कारण दोन्ही चालतात. चार-चारचे गट पाडा. सोळा गट भरले पाहिजेत. पंधरा आणि वर तीन भरले तर एक अक्षर लिहायचं राहिलंय, आणि मग ते कुठलं हे शोधायला गट फार उपयोगी पडतात.

काहीच जमलं नाही तरी अकाउंट जात नाही. नंबर तोच, ग्रुप तेच, फक्त मागचे निरोप नाहीत. त्यातलेही काही इतरांच्या फोनवर आहेत: कुटुंबाच्या ग्रुपमधल्या एखाद्याला तो चॅट एक्स्पोर्ट करून पाठवायला सांगा. तो मजकुराच्या फाइलच्या रूपात येईल, व्हॉट्सॲपमध्ये परत बसणार नाही, पण वाचता येईल. जुन्या अँड्रॉइड फोनचं मेमरी कार्ड किंवा लॅपटॉपवर उतरवलेली प्रत असेल, तर `Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media` हा फोल्डर शोधा. त्यातले फोटो आणि व्हिडिओ साध्या फाइली असतात, त्यांना की लागत नाही. दिवंगत आई-वडिलांचे आवाज असलेले व्हॉइस मेसेजही याच फोल्डरखाली सापडतात. लोक फोटोंची प्रत काढतात आणि नेमके हे विसरतात. जुना फोन चालू आहे तोवर आजच हा फोल्डर लॅपटॉपवर उतरवून घ्या.

पासवर्ड न मागता "बॅकअप सापडला नाही" म्हणत असेल तर

ही वेगळी तक्रार आहे. पासवर्डची स्क्रीन आली याचा अर्थ बॅकअप सापडला आहे. ती आलीच नाही, तर बहुतेक वेळा गुगल अकाउंट चुकलेलं असतं. मोबाईल शॉपीतल्या मुलाने सेटअप करताना नवीन जीमेल काढून दिलेला असतो, आणि बॅकअप जुन्या जीमेलवर असतो. फोनच्या सेटिंग्जमध्ये जुनं अकाउंट जोडा, व्हॉट्सॲप काढून पुन्हा टाका आणि ज्या नंबरने बॅकअप घेतला होता त्याच नंबरने चालू करा. कोणत्या अकाउंटवर बॅकअप आहे हे जुन्या फोनच्या चॅट बॅकअप पानावर लिहिलेलं असतं, ड्राइव्हच्या बॅकअप विभागातही दिसतं.

अँड्रॉइडवरून आयफोनवर जात असाल तर ड्राइव्हवरचा बॅकअप तिथे उघडणारच नाही, पासवर्ड कितीही बरोबर असला तरी. तेव्हा आयफोन नव्याने सेट करतानाच ॲपलच्या मूव्ह टू आयओएस ॲपने चॅट न्यावे लागतात, आणि त्यासाठी जुना फोन हातात लागतो.

पुढचा फोन घेण्याआधी

आत्ता, ज्या फोनवर हे वाचताय त्यावरच, एन्क्रिप्टेड बॅकअपचं पान उघडून बघा. चालू आहे आणि पासवर्ड खात्रीने माहीत नाही, तर आठवण्याच्या फंदात न पडता नवीनच ठेवा. फोन बदलायच्या आदल्या आठवड्यात तर मी प्रत्येकाला नवीनच ठेवायला सांगतो, आठवत असला तरी. ताजा पासवर्ड आणि ताजा बॅकअप, दोन्ही एकाच दिवशीचे असले की नवीन फोनवर कसलीच शंका राहत नाही.

पासवर्ड घ्यावा की ६४ अंकी की? घरातल्या माणसांसाठी मी पासवर्डच घेतो. की जास्त भक्कम आहे, तिजोरीवरही अवलंबून नाही, पण ६४ चिन्हं बिनचूक उतरवणं आणि पुढच्या फोनपर्यंत सांभाळणं सत्तरीतल्या माणसाला अवघड जातं. ज्यांच्याकडे पासवर्ड मॅनेजर आहे आणि तो रोजच्या वापरात आहे, त्यांनी की जरूर घ्यावी. तिचा स्क्रीनशॉट काढून त्याच फोनच्या गॅलरीत ठेवू नका. फोन गेला की दोन्ही एकदम जातात.

ऑक्टोबर २०२५ मध्ये तिसरा पर्याय जाहीर झाला, पासकीचा. त्यात बॅकअप बोटाच्या ठशाने, चेहऱ्याने किंवा स्क्रीन लॉकने उघडतो. तुमच्या ॲपमध्ये तो दिसत असेल तर बहुतेकांसाठी सोयीचा आहे, पण एक गोष्ट समजून घ्या: पासकी फोनमध्ये अडकलेली नसते, ती गुगल किंवा ॲपलच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये असते आणि त्याच अकाउंटने नवीन फोनवर येते. अँड्रॉइडवर ती नव्या फोनवर खुली करताना जुन्या फोनचं स्क्रीन लॉक किंवा गुगल पासवर्ड मॅनेजरचा पिन विचारला जाऊ शकतो. म्हणजे जुना पॅटर्न विसरू नका, आणि गुगल अकाउंट तुमच्या स्वतःच्या ताब्यात असू द्या. दुकानात काढून दिलेल्या आणि पासवर्ड माहीत नसलेल्या जीमेलवर पासकी ठेवली तर ती हरवल्यातच जमा.

पासवर्ड वहीत लिहिणं मला अजिबात वावगं वाटत नाही. घरातल्या वहीपर्यंत पोचणारा चोर तुमचे चॅट वाचायला आलेला नसतो. पण लिहिताना नाव पूर्ण लिहा: "व्हॉट्सॲप, चॅट बॅकअपचा पासवर्ड, अमुक नंबर, अमुक जीमेल, ठेवल्याची तारीख". नुसतं "व्हॉट्सॲप पासवर्ड" लिहिलं की दोन वर्षांनी तो टू-स्टेपचा पिन आहे की बॅकअपचा, हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. पासवर्ड बदलला तर जुनी ओळ रेघ मारून खोडा. कॅपिटल अक्षराखाली रेघ ओढा, शून्यात तिरकी रेघ द्या.

आयफोनवाल्यांसाठी एक राहिलं. संपूर्ण फोनचा आयक्लाउड बॅकअप चालू असेल, तर व्हॉट्सॲपच्या एन्क्रिप्टेड बॅकअपबरोबर चॅटची आणखी एक प्रत त्या मोठ्या बॅकअपमध्ये जाते, आणि तिला व्हॉट्सॲपचं हे कुलूप नसतं. पासवर्ड विसरलेल्या माणसाला ती कधीकधी तारून नेते: नवीन आयफोन पूर्ण आयक्लाउड बॅकअपवरून उभा केला, तर चॅट त्यातून येऊ शकतात. पण ज्याने एन्क्रिप्शन गोपनीयतेसाठी चालू केलंय, त्याने तो मोठा बॅकअप बंद केल्याशिवाय त्याचा हेतू पुरा होत नाही. दोन्हींतलं काय हवं, ते आयफोनच्या आयक्लाउड सेटिंगमध्ये जाऊन ठरवा.